दहावीसाठी छायांकित क्षेत्रफळाची वर्कशीट: आधी गुण ठरवा, मग आकृती काढा

डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत मी गणित शिकवते. यंदा आमच्याकडे दोन नवीन शिक्षिका आल्या आणि पहिल्याच महिन्यात त्यांच्यावर सराव परीक्षेची वर्कशीट काढायचे काम आले. विषय होता संयुक्त आकृत्या, म्हणजे चौरसात वर्तुळ, त्रिकोणात वर्तुळपाकळ्या आणि मधल्या छायांकित भागाचे क्षेत्रफळ. त्यांना जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहिते आहे. चार प्रश्न, १२ गुण आणि एक तासिका, एवढाच या वर्कशीटचा पसारा आहे. त्यातल्या तिसऱ्या प्रश्नावर मी बराच वेळ थांबणार आहे, कारण गुण कसे द्यायचे हे शिकायचे असेल तर तो एकच प्रश्न पुरतो.

सुरुवातीला एक गोष्ट तपासून घ्या. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून २०२२-२३ च्या कपातीत संयुक्त आकृत्यांचा भाग गेला. वर्तुळपाकळी आणि वर्तुळखंड राहिले. जुन्या गाइडांमध्ये आणि जुन्या प्रश्नपत्रिकांमध्ये मात्र या आकृत्या भरपूर सापडतात आणि नवीन शिक्षक त्या तशाच उचलतात. म्हणून पर्वरीच्या गोवा मंडळाचा चालू वर्षाचा अभ्यासक्रम समोर ठेवा आणि कोणता प्रश्न परीक्षेचा, कोणता वरच्या सरावाचा, हे आधीच ठरवा. खालचा तिसरा, पानाच्या आकाराचा प्रश्न वर्तुळखंडाच्या सूत्रानेही सुटतो, त्यामुळे तो दोन्हीकडे चालतो.

आकडे निवडताना

π ची किंमत २२/७ घ्यायची असेल तर त्रिज्या ७ च्या पटीत घ्यावी, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण तेवढ्याने भागत नाही. उत्तर सुबक येणे एक आणि चुकीच्या रीतीने वेगळे उत्तर येणे दुसरे. या दुसऱ्या गोष्टीकडे नवीन माणसाचे लक्ष जात नाही.

उदाहरण घ्या. १४ सेमी बाजूच्या चौरसात चारही बाजूंना स्पर्श करणारे वर्तुळ काढले तर उरलेला भाग १९६ − १५४ = ४२ चौसेमी. त्याच चौरसाच्या चार कोपऱ्यांत ७ सेमी त्रिज्येची चार पाव वर्तुळे काढली तरी उरतात ४२. एकाच कोपऱ्यात १४ सेमी त्रिज्येचे पाव वर्तुळ काढले तरीही ४२. कारण १४ त्रिज्येचे पाव वर्तुळ आणि ७ त्रिज्येचे पूर्ण वर्तुळ, दोन्हींचे क्षेत्रफळ १५४ च असते. मुलाने आकृती नीट न पाहता पाठ असलेली रीत लिहिली तरी ४२ येतात आणि त्याला आकृती कळली की नाही ते तुम्हाला कळतच नाही. म्हणून कोपऱ्यांतल्या पाव वर्तुळांच्या प्रश्नात मी चौरसाची बाजू २० सेमी ठेवते. मग उत्तर येते ४०० − १५४ = २४६. चारने गुणायला विसरलेल्या मुलाचे येते ३६१.५ आणि मध्ये १० सेमी त्रिज्येचे वर्तुळ आहे असे समजणाऱ्याचे आणखी तिसरेच. उत्तराकडे पाहूनच चूक ओळखता येते.

प्रश्न लिहून झाला की मुले करतील अशा दोन-तीन चुका स्वतः मुद्दाम करून पाहा. चुकीचे उत्तर बरोबर उत्तराशी जुळले तर आकडे बदला. आकडे बदलूनही जुळत राहिले तर तो प्रश्न गुणदानात सांभाळावा लागतो. तसा प्रश्न पुढे येतोच आहे.

वर्कशीटचा मजकूर

आपल्याकडे माध्यमिकचे गणित बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून होते, त्यामुळे मुलांच्या हाती कागद इंग्रजीतच जातो. पण कच्चा मसुदा मी मराठीत करते. वाक्य आपल्या भाषेत स्पष्ट झाले की इंग्रजीतही सरळ उतरते.

१. आयत ABCD ची लांबी २० सेमी व रुंदी १४ सेमी आहे. BC या १४ सेमी बाजूला व्यास मानून आयताच्या आत अर्धवर्तुळ काढले आहे. अर्धवर्तुळाबाहेरील छायांकित भागाचे क्षेत्रफळ काढा. (π = २२/७) – २ गुण

२. २० सेमी बाजूच्या चौरसाच्या प्रत्येक शिरोबिंदूला केंद्र मानून ७ सेमी त्रिज्येचे पाव वर्तुळ काढले आहे. उरलेल्या छायांकित भागाचे क्षेत्रफळ काढा. (π = २२/७) – ३ गुण

३. चौरस ABCD ची बाजू १४ सेमी आहे. A केंद्र मानून एक आणि C केंद्र मानून एक, असे १४ सेमी त्रिज्येचे दोन कंस चौरसाच्या आत काढले आहेत. दोन्ही कंस B पासून D पर्यंत जातात. दोन कंसांमधील छायांकित भागाचे क्षेत्रफळ काढा. (π = २२/७) – ४ गुण

४. समभुज त्रिकोणाची बाजू १४ सेमी आहे. प्रत्येक शिरोबिंदूला केंद्र मानून ७ सेमी त्रिज्येची वर्तुळपाकळी त्रिकोणाच्या आत काढली आहे. पाकळ्यांच्या मधल्या छायांकित भागाचे क्षेत्रफळ काढा. (π = २२/७, √३ = १.७३) – ३ गुण

प्रत्येक कंसाचे केंद्र आणि त्रिज्या शब्दांत दिलेली आहे, हे पाहा. आकृती हरवली तरी प्रश्न सुटला पाहिजे. «आकृतीत दाखवल्याप्रमाणे» एवढ्यावर भागवले की मूल डोळ्यांनी अंदाज करते आणि तिसऱ्या प्रश्नातला कंस अर्धवर्तुळाचा की पाव वर्तुळाचा, यावर तासिकेत अर्धा वर्ग हात वर करतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर २८० − ७७ = २०३ चौसेमी. अर्धवर्तुळाला एक गुण, वजाबाकी आणि एककाला एक. दुसऱ्याचे २४६ चौसेमी: चौरस १, चार पाव वर्तुळे १, वजाबाकी १. मुलाने चार पाव वर्तुळे जोडून एक पूर्ण वर्तुळ केले किंवा ३८.५ ला चारने गुणले, दोन्ही रीती सारख्याच मोलाच्या. या दोन प्रश्नांत वाद होण्यासारखे काही नाही.

तिसरा प्रश्न: पान

जुन्या घरांच्या फरश्यांवर हा आकार दिसतो. चौरस फरशीवर तिरके पान असते आणि चार फरश्या जुळवल्या की मध्ये चार पाकळ्यांचे फूल तयार होते. मुलांच्या ओळखीचा आकार आहे, पण क्षेत्रफळ काढताना तो सगळ्यात जास्त फसवतो.

मी वर्गात बटर पेपरची १४ सेमी त्रिज्येची दोन पाव वर्तुळे कापून नेते आणि १४ सेमीच्या चौरसावर ठेवते. पहिले A कोपऱ्यात ठेवले की C जवळचा तुकडा उघडा राहतो. दुसरे C कोपऱ्यात ठेवले की तोही झाकला जातो. आता सगळा चौरस झाकलेला आहे, फक्त मधल्या पानावर कागदाचे दोन थर असल्याने तेवढाच भाग गडद दिसतो. दोन पाव वर्तुळांचे मिळून क्षेत्रफळ ३०८, खालचा चौरस १९६. जास्तीचे जे ११२ आहेत, तोच दुसरा थर, म्हणजेच पान.

हीच पहिली रीत: २ × १५४ − १९६ = ११२.

दुसरी रीत वर्तुळखंडाची. BD कर्ण काढला की पानाचे दोन सारखे वर्तुळखंड होतात. एका खंडाचे क्षेत्रफळ म्हणजे पाव वर्तुळ वजा त्रिकोण ABD, १५४ − ९८ = ५६. दोन मिळून ११२.

तिसरी रीत उलट्या बाजूने जाते. A जवळचा आणि C जवळचा, असे दोन पांढरे तुकडे आहेत. प्रत्येक तुकडा १९६ − १५४ = ४२, दोन मिळून ८४. आणि १९६ − ८४ = ११२.

गुणदान योजना फक्त पहिल्या रीतीने लिहिलेली असेल तर तिसऱ्या रीतीने सोडवणाऱ्या मुलाच्या पेपरवर तपासणारा गोंधळतो. त्याला ३०८ कुठेच दिसत नाही. म्हणून योजना रीतीला धरून न लिहिता, प्रत्येक रीतीत काय काय यावेच लागते ते धरून लिहायची. या प्रश्नाची माझी योजना अशी आहे:

– योजना, म्हणजे कशातून काय वजा करायचे ते, शब्दांत किंवा राशीत बरोबर मांडले: १ गुण
– पाव वर्तुळ: सूत्रात किमती बरोबर भरल्या ½, १५४ आले ½
– दुसरी आकृती: चौरस १९६ किंवा त्रिकोण ९८: १ गुण
– शेवट: स्वतःच्या आकड्यांवर योजनेप्रमाणे बरोबर वजाबाकी ½, ११२ चौसेमी हे उत्तर एककासह ½

आता मघाशी सांगितलेली अडचण. एका सराव परीक्षेत माझ्याकडे जवळजवळ सगळ्या वर्गाचे उत्तर ११२ आले. मला आनंद झाला. पुन्हा नीट वाचायला बसले तेव्हा एका मुलीच्या पेपरवर असे दिसले:

```
छायांकित भाग = चौरस − २ × पाव वर्तुळ
             = १९६ − ३०८
             = ११२ चौसेमी
```

तिला बोलावून विचारले. ती म्हणाली, «टीचर, क्षेत्रफळ मायनस नसतं ना, म्हणून मायनस काढलं.» तिने पहिल्या प्रश्नाची रीत इथे लावली होती: बाहेरची आकृती वजा आतली आकृती. दोन पाव वर्तुळे एकमेकांवर चढली आहेत हे तिच्या लक्षातच आले नव्हते. तरी उत्तर अगदी बरोबर. आणखी पेपर काढून पाहिले तर तिच्यासारखी आणखी मुले निघाली आणि मी त्या सगळ्यांना पूर्ण गुण दिलेले होते. चूक माझी होती. माझ्या योजनेत त्या वेळी «सूत्र १, आकडेमोड २, उत्तर १» एवढेच लिहिले होते.

इथे आकडे बदलून काही होत नाही. बाजू कितीही घ्या, चौरस वजा दोन पाव वर्तुळे आणि दोन पाव वर्तुळे वजा चौरस यांत फक्त चिन्हाचा फरक राहणार. म्हणून योजनेचा एक गुण वेगळा काढला. वरच्या योजनेप्रमाणे त्या मुलीला पाव वर्तुळाचा १ आणि चौरसाचा १ असे २ गुण मिळतात. योजनेचा आणि शेवटचा मिळत नाही. अर्ध्या प्रश्नापर्यंत तिला येत होते, तेवढेच गुण तिच्या पदरात पडतात. हे मला न्यायाचे वाटते.

आता असाही पेपर येतो, ज्यात एकही शब्द नाही, सरळ २ × १५४ − १९६ = ११२ लिहिले आहे. त्याला पूर्ण ४ द्या. राशीतच योजना दिसते. वाक्य लिहिले नाही म्हणून गुण कापू नयेत. ज्याने वर «चौरस − २ पाव वर्तुळे» लिहिले आणि खाली गुपचूप ३०८ − १९६ केले, त्याच्यावरून आमच्यात बराच वाद झाला. शेवटी ठरले की योजनेचा गुण जाईल, बाकीचे ३ मिळतील. तुमच्या शाळेत वेगळे ठरले तरी चालेल, पण पेपर तपासायला घेण्याआधी ठरवा आणि योजनेच्या कागदावर लिहून ठेवा.

आकडेमोडीतल्या चुकीचे पुढे काय करायचे, तेही लिहून ठेवा. मुलाने १५४ च्या जागी १४५ लिहिले आणि पुढे २९० − १९६ = ९४ केले, तर एकाच चुकीची शिक्षा दोनदा होऊ नये. त्याला योजना १, किमती भरल्याचा ½, चौरस १ आणि स्वतःच्या आकड्यांवरच्या वजाबाकीचा ½ असे ३ गुण मिळतात. मात्र उत्तर अशक्य असेल, समजा १९६ हून मोठे, तर शेवटचा अर्धा गुणही मी देत नाही. पान चौरसाच्या आत आहे. ते चौरसाहून मोठे असू शकत नाही, एवढे मुलाला दिसायला हवे.

चौथा प्रश्न आणि √३ ची भानगड

त्रिकोणाचे क्षेत्रफळ √३/४ × १९६ = ४९√३ = ८४.७७. तीन ६०° च्या पाकळ्या मिळून अर्धे वर्तुळ होते, म्हणून ७७. उत्तर ७.७७ चौसेमी. तिन्हीला एकेक गुण.

इथे दोन मोठ्या आकड्यांमधून एक लहान आकडा उरतो, आणि अशा वेळी लहानसा फरकही उत्तरात मोठा दिसतो. √३ साठी १.७३ ऐवजी १.७३२ घेतले तर उत्तर ७.८७ होते. π आणि √३ दोन्ही अधिक अचूक घेतले तर ७.९० च्या आसपास. म्हणजे प्रश्नात π आणि √३ च्या किमती छापायच्या राहिल्या तर वर्गात तीन बरोबर उत्तरे निघतील आणि तिन्ही मुले तुमच्या टेबलाजवळ उभी राहतील. पानाच्या प्रश्नात असा त्रास नाही, तिथे √३ येतच नाही.

शिवाय एखादे मूल तीन पाकळ्या एकत्र न करता प्रत्येक पाकळी वेगळी काढते: १५४ भागिले ६ म्हणजे २५.६७, त्याला तीनने गुणले की ७७.०१ आणि उत्तर ७.७६. रीत बरोबर आहे, पूर्ण गुण द्यायचे. पण २५.६ वरच थांबले तर ७६.८ होतात आणि उत्तर ७.९७ येते, तिथे मी अर्धा गुण कापते. योजनेत म्हणूनच लिहायचे: «७.७६ ते ७.७७ स्वीकारावे, पाकळी एकाच दशांशस्थळापर्यंत काढली असेल तर ½ वजा.»

आकृत्या आणि छपाई

आकृती जिओजेब्रात काढा किंवा कंपासने, पण छायांकन करड्या रंगाने भरू नका. झेरॉक्सच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीला करडा रंग काळा डाग होतो आणि त्यात A, B, C, D बुडून जातात. आमच्याकडे एका वर्षी पानाची आकृती इतकी काळी आली की कंस कोणता आणि कर्ण कोणता ते कळेना. तिरक्या बारीक रेघा, एकमेकींपासून दोनेक मिलिमीटरवर, सगळ्यात बऱ्या. अक्षरे आकृतीच्या बाहेर लिहा, केंद्रावर ठळक ठिपका द्या आणि लांबी बाजूच्या बाहेर लिहा.

प्रमाण मात्र बिघडवू नका. तिसऱ्या प्रश्नाची आकृती हाताने काढताना पान बारीक होते, मग मुलाला ते चौरसाच्या तिसऱ्या हिश्शाइतके दिसते आणि ११२ आल्यावर तो स्वतःचेच बरोबर उत्तर खोडतो. खरे पान १९६ पैकी ११२, म्हणजे अर्ध्याहून जास्त. १४ सेमीच्या चौरसात ते मध्यावर सुमारे ८.२ सेमी रुंद असते. ७ सेमीचा चौरस काढलात तर साधारण ४.१ सेमी. छापायला देण्याआधी पट्टीने एवढे मोजून पाहा.

शेवटी वर्कशीट एखाद्या सहकाऱ्याला उत्तराशिवाय सोडवायला द्या, आकृती झाकून. त्यांना विचारावेसे वाटले की «कंस कुठून काढलाय?», तर ते वाक्य पुन्हा लिहा. पेपर तपासायला बसलात की पहिल्या पाच पेपरांचे गुण पेन्सिलने द्या. पाचवा संपेपर्यंत योजनेत नसलेली एखादी रीत हमखास निघते. ती योजनेच्या कागदावर उतरवा, त्या पाच पेपरांवरून परत एकदा फिरा आणि मग लाल पेन उघडा.